मध्येच डोकावण्याची किंमत

प्रयोग किती मापनांनंतर थांबवायचा हे आधी न ठरवता, हाती येत जाणारा निकाल पाहून ठरवणे, याला संख्याशास्त्रात ‘ऑप्शनल स्टॉपिंग’ म्हणजे ऐच्छिक थांबा म्हणतात. संशोधक वीस जणांची माहिती गोळा करतो आणि गणित करून पाहतो. निकाल हवा तसा नसतो, म्हणून आणखी दहा जण घेतो आणि पुन्हा गणित करतो. कधीतरी आकडा अपेक्षित रेषेच्या खाली उतरतो, तेव्हा काम थांबते आणि लेख लिहायला घेतला जातो. यात एकही आकडा खोटा नसतो आणि कोणाची नोंद गाळलेली नसते. तरीही लेखात छापलेला निष्कर्षाचा आकडा चुकीचा असतो.

तो आकडा म्हणजे पी-मूल्य. एखादे औषध खरोखर निरुपयोगी आहे किंवा एखादे नाणे अगदी सरळ आहे असे आधी गृहीत धरले जाते. या गृहीताला शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी असताना, हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल केवळ योगायोगाने येण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. ते ०.०५ पेक्षा कमी आले की निकाल ‘लक्षणीय’ मानण्याचा प्रघात आहे. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे ही रेषा रूढ झाली. या रेषेमागे एक हमी आहे. जिथे खरोखर काहीच परिणाम नाही अशा शंभर प्रयोगांपैकी सरासरी पाचच प्रयोग फसवतील, म्हणजे ‘परिणाम आहे’ असा खोटा पॉझिटिव्ह निकाल देतील. मात्र ही हमी एका अटीवर दिलेली आहे. मापने किती घ्यायची हे आधी ठरलेले असावे आणि निवाडा एकदाच, शेवटी व्हावा. ऐच्छिक थांब्यात ही अटच मोडते.

ती मोडल्यावर काय होते हे कागद-पेन्सिलीने पाहता येते. एक नाणे सरळ आहे की एका बाजूला झुकते, हे तपासायचे आहे. नाणे प्रत्यक्षात पूर्ण सरळ आहे, पण तपासणाऱ्याला ते माहीत नाही. तो सहा वेळा नाणे उडवतो. सहाही वेळा एकच बाजू पडली तर पी-मूल्य ६४ पैकी २, म्हणजे ०.०३१ येते आणि निकाल लक्षणीय ठरतो. तसे झाले नाही तर तो आणखी तीनदा नाणे उडवतो. नऊ वेळा मिळून एकच बाजू आठ किंवा नऊ वेळा पडली असेल, तर पी-मूल्य ५१२ पैकी २० किंवा त्याहून कमी, म्हणजे जास्तीत जास्त ०.०३९ असते. हा निकालही लक्षणीय. तरीही जमले नाही तर आणखी तीन वेळा. बारापैकी दहा, अकरा किंवा बारा वेळा एकच बाजू आली तर पी-मूल्य पुन्हा ०.०३९ च्या आत राहते. प्रत्येक टप्पा सुटा घेतला तर कुठेही नियमभंग नाही. तिन्ही ठिकाणी फसण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे.

आता तिन्ही टप्पे एकत्र मोजू. बारा वेळा नाणे उडवले तर छाप्या-काट्याचे एकूण ४,०९६ वेगवेगळे क्रम संभवतात आणि सरळ नाण्याला ते सगळे सारखेच. यांपैकी १२८ क्रमांत पहिल्या सहा फेकी एकसारख्या असतात, तेव्हा प्रयोग तिथेच ‘यशस्वी’ होऊन थांबतो. नवव्या फेकीपाशी लक्षणीय दिसणारे क्रम १६० आहेत. त्यांतले ६४ आधीच सहाव्या फेकीला पकडले गेलेले आहेत, म्हणजे नव्याने सापडणारे ९६. हे ९६ कसे येतात हेही पाहता येते. पहिल्या सहांत एखाद्या बाजूचे पाच आणि पुढच्या तिन्ही फेकी त्याच बाजूच्या, असे ते क्रम आहेत. बाराव्या फेकीपाशी १५८ क्रम लक्षणीय दिसतात. त्यांतले ९२ जुने, नवे ६६. बेरीज १२८ अधिक ९६ अधिक ६६, म्हणजे २९०. ४,०९६ पैकी २९० म्हणजे ७.१ टक्के. तपासणाऱ्याने शेवटी एकदाच पाहिले असते तर हेच प्रमाण ३.९ टक्के राहिले असते. नुसते दोनदा आधी डोकावल्याने फसण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली.

या बेरजेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की तीन टप्प्यांच्या टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज झाली नाही. ती झाली असती तर आकडा अकराच्या जवळ गेला असता. नवव्या फेकीच्या निकालात पहिल्या सहा फेकी आधीच सामावलेल्या असतात, त्यामुळे टप्प्यांचे निकाल एकमेकांना बांधलेले असतात आणि धोका वाढतो तो टप्प्याटप्प्याने मंदावत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कधी ना कधी लक्षणीय ठरलेल्या २९० क्रमांपैकी बाराव्या फेकीपर्यंत लक्षणीय राहणारे फक्त १५८ आहेत. उरलेल्या १३२ क्रमांत प्रयोग पुढे चालू ठेवला असता तर दिसलेला झुकाव विरून गेला असता. ऐच्छिक थांबा नेमका याच क्षणांना पकडून ठेवतो. निकाल नकोसा असेल तर पुढे जायचे आणि हवासा असेल तर तिथेच थांबायचे, अशी ही एकाच बाजूने उघडणारी झडप आहे. नकोशा निकालाला सुधारण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते, हव्याशा निकालाला बिघडण्याची संधी एकदाही दिली जात नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सहज पटण्यासारखा आहे. माहिती जितकी जास्त तितके सत्य जवळ, मग मापने वाढवत गेल्याने चूक कमी व्हायला हवी, वाढेल कशी? माहिती वाढली की अंदाज नेमका होतो हे खरेच आहे. सरळ नाणे हजार वेळा उडवले तर छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ येते. पण पी-मूल्य त्या प्रमाणाप्रमाणे कुठे स्थिरावत नाही. शून्य परिकल्पना खरी असेल तर ते शून्य ते एक यांच्या दरम्यान कुठेही पडण्याची शक्यता सारखीच असते, मग मापने पन्नास असोत की पन्नास हजार. कारण जशी मापने वाढतात तशी लक्षणीय ठरायला लागणारी तफावतही लहान होत जाते. प्रमाण निम्म्याकडे सरकते, पण रेषाही त्याच गतीने निम्म्याकडे सरकते. त्यामुळे पी-मूल्य वर-खाली भटकत राहते. आज ०.६०, काही मापनांनंतर ०.१२, मग ०.०४, पुन्हा ०.३०. भटकणारा आकडा पुरेसा वेळ पाहत राहिले तर तो कधीतरी ०.०५ च्या खाली उतरणारच.

हे ‘कधीतरी’ अक्षरशः खरे आहे. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर खिंचिन यांनी १९२४ साली सिद्ध केलेल्या एका नियमातून असे निघते की मापने अमर्याद चालू ठेवली तर सरळ नाणेही कोणतीही ठरावीक सार्थकतेची रेषा ओलांडतेच, आणि एकदा नव्हे तर अगणित वेळा. रेषा ०.०५ ची असो की ०.००१ ची, फरक पडतो तो फक्त वाट पाहण्याच्या काळात. म्हणजे चिकाटी असलेल्या संशोधकाला निष्कर्ष आधीच निश्चित करता येतो, तो केव्हा मिळेल एवढेच दैवावर सोपवावे लागते.

व्यवहारात कोणी अनंतकाळ थांबत नाही, म्हणून मोजक्या डोकावण्यांचा हिशेब जास्त उपयोगाचा. तो पीटर आर्मिटेज, सी. के. मॅकफर्सन आणि बी. सी. रो यांनी १९६९ साली मांडला आणि आजही या विषयावरील चर्चा त्याच कोष्टकापासून सुरू होते. पाच टक्क्यांची कसोटी, सारख्या अंतरावर डोकावणे, आणि लक्षणीय दिसताच थांबणे, अशा पद्धतीत दोनदा पाहिले तर फसण्याची शक्यता ८.३ टक्के होते. पाचदा पाहिले तर १४.२, दहादा पाहिले तर १९.३, वीस वेळा पाहिले तर २४.८ आणि शंभर वेळा पाहिले तर ३७.४ टक्के. नाण्याच्या उदाहरणातले मंदावणे इथेही दिसते. पहिली काही डोकावणी सर्वांत महाग पडतात. ‘एकदाच तर मध्ये पाहिले’ हा बचाव म्हणूनच कमकुवत आहे.

हा दोष नवा नाही आणि फार पूर्वी ओळखला गेला होता. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात अतींद्रिय ज्ञानाचे प्रयोग केले. पाच चिन्हे, प्रत्येकाची पाच पाने, असा पंचवीस पत्त्यांचा जोड असे आणि न पाहता पान ओळखायचे असे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच पाने बरोबर येतात. त्याहून जास्त येतात असा ऱ्हाइन यांचा दावा होता. गणितज्ञ विल्यम फेलर यांनी १९४० साली या प्रयोगांच्या संख्याशास्त्रावर लेख लिहिला आणि त्यात ऐच्छिक थांब्याचा मुद्दा उपस्थित केला. खेळ रंगात असताना मालिका कुठे संपवायची हे मोकळे असेल, तर योगायोगाने आलेली चढती कमान शेवटचा निकाल म्हणून नोंदली जाऊ शकते.

तरीही ही सवय सुटली नाही. लेस्ली जॉन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि द्राझेन प्रेलेक यांनी अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक मानसशास्त्रज्ञांना त्यांच्या संशोधनातल्या सवयी विचारल्या. निकाल लक्षणीय आहे का हे पाहून पुढे माहिती गोळा करायची की नाही हे आपण ठरवले आहे, असे त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी सांगितले. हा लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला. यातले बहुसंख्य लोक फसवणूक करत नव्हते. नमुना लहान पडला म्हणून तो वाढवणे त्यांना उलट काळजीपूर्वक काम केल्यासारखे वाटत होते, आणि म्हणूनच हा दोष पकडायला इतका अवघड आहे.

तो किती विचित्र निष्कर्षापर्यंत नेऊ शकतो हे जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सिमन्सॉन यांनी २०११ साली मुद्दाम दाखवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना त्यांनी बीटल्सचे ‘व्हेन आय अ‍ॅम सिक्स्टी-फोर’ हे गाणे ऐकवले, तर काहींना संगणकाबरोबर येणारी एक साधी धून. मग वय विचारले. लेखात जाहीर झालेला निष्कर्ष असा की ते गाणे ऐकणारे सुमारे दीड वर्षाने लहान होते, पी-मूल्य ०.०४०. गाणे ऐकून कोणी तरुण वाटू लागले असा हा दावा नव्हता, प्रत्यक्ष जन्मतारखेवरून काढलेले वय कमी झाले असा होता. निष्कर्ष अशक्य आहे हे उघड असल्यामुळे दोष पद्धतीतच असणार हे कोणालाही मान्य करावे लागे. लेखकांनी मग खरी हकिकत सांगितली. विद्यार्थी किती घ्यायचे हे आधी ठरवले नव्हते आणि सुमारे दहा-दहा जणांच्या प्रत्येक बैठकीनंतर गणित करून पाहिले होते. तिसरे गाणे ऐकणारा एक गट लेखात सांगितलाच नव्हता, आणि गोळा केलेल्या अनेक बाबींपैकी वडिलांचे वय तेवढे हिशेबात घेतले होते. एकट्या ऐच्छिक थांब्याचा वाटाही त्यांनी संगणकावर मोजला. प्रत्येक गटात वीस जण घेऊन पाहायचे आणि जमले नाही तर आणखी दहा घेऊन एकदाच पाहायचे, एवढ्याने फसण्याचे प्रमाण पाचावरून ७.७ टक्क्यांवर जाते. प्रत्येक गटात दहा जणांपासून सुरुवात करून दर वाढीव माणसागणिक पाहत राहिले तर ते २२ टक्क्यांवर जाते.

इथे एक बारकावा स्पष्ट व्हायला हवा, कारण त्यावर बराच गोंधळ होतो. नुकसान डोळ्यांनी आकडा पाहण्याने होत नाही. बारा फेकी होणारच असे ठाम ठरले असेल आणि मधला निकाल काहीही असला तरी त्याने काहीच बदलणार नसेल, तर मध्ये शंभरदा पाहिले तरी शेवटचे पी-मूल्य शाबूत राहते. नुकसान होते ते थांबण्याच्या मोकळिकीमुळे. याची उलटी बाजू पचायला कठीण जाते. समजा तपासणाऱ्याला पहिल्या सहा फेकींतच सहा छापे मिळाले आणि पुढे जाण्याची वेळच आली नाही. तरीही त्याचे ०.०३१ हे पी-मूल्य प्रामाणिक नाही. सहांत जमले नसते तर तो नऊ आणि बारापर्यंत गेला असता, आणि त्या सर्व वाटांनी फसण्याची शक्यता मिळून ७.१ टक्के होती. पी-मूल्य समोर पडलेल्या आकड्यांवर जितके अवलंबून असते तितकेच, आकडे वेगळे पडले असते तर काय केले असते, यावरही.

काही संख्याशास्त्रज्ञांना हीच गोष्ट खटकते. बेझ यांच्या परंपरेतले अभ्यासक म्हणतात की पुरावा आकड्यांत असतो, संशोधकाच्या मनातल्या बेतात नव्हे. त्यांच्या पद्धतीत दोन परिकल्पनांना आकड्यांचा किती पाठिंबा मिळतो याचे गुणोत्तर काढले जाते, आणि त्या गुणोत्तराचा अर्थ थांबण्याच्या नियमाने बदलत नाही. तिथे एक संरक्षणही आहे. शून्य परिकल्पना खरी असताना तिच्या विरुद्ध वीसपट पाठिंबा कधीही दिसण्याची शक्यता, कितीही वेळ पाहत राहिले तरी, वीसात एक म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त होत नाही. पी-मूल्याला असे कोणतेही छत नाही. म्हणून जो पी-मूल्य छापतो त्याला त्याची अट पाळावीच लागते.

अट पाळायची म्हणजे मध्ये कधीच पाहायचे नाही असे मात्र नाही, आणि काही ठिकाणी ते अमानुषही ठरेल. नव्या औषधाच्या चाचणीत एका गटातले रुग्ण स्पष्टपणे जास्त दगावत असतील तर ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहणे कोणालाही मान्य होणार नाही. यावर उपाय असा की किती वेळा पाहायचे हे आधी ठरवावे आणि प्रत्येक वेळची रेषा त्या हिशेबाने कडक करावी. टप्प्याटप्प्याने तपासण्याचे हे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्ड यांनी कोलंबिया विद्यापीठात युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी बांधले, आणि बंगालातील तागाच्या लागवडीची टप्प्यांनी पाहणी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे काम आपल्या आधीचे आहे अशी नोंद वाल्ड यांनी आपल्या पुस्तकात केली. औषधांच्या चाचण्यांसाठी स्टुअर्ट पोकॉक यांनी १९७७ साली सोपा नियम दिला. पाचदा पाहायचे असेल तर प्रत्येक वेळी ०.०५ ऐवजी सुमारे ०.०१६ ची रेषा ठेवावी, म्हणजे एकूण धोका पाच टक्केच राहतो. पीटर ओब्रायन आणि थॉमस फ्लेमिंग यांनी १९७९ साली दुसरी वाट दाखवली. सुरुवातीच्या रेषा अतिशय कडक आणि शेवटची जवळपास नेहमीची. पाच टप्प्यांत शेवटची रेषा ०.०४१ ची असते, पहिली मात्र एक लाखात एकाहूनही कमी शक्यतेची.

ही दुसरी वाट चांगली का, हे पुन्हा नाण्यावरच तपासता येते. सहाव्या फेकीला काहीच निर्णय घ्यायचा नाही, नवव्या फेकीला नऊच्या नऊ एकसारख्या असतील तरच थांबायचे आणि बाराव्या फेकीला नेहमीप्रमाणे दहा किंवा अधिक मागायचे, असा नियम केला. नवव्या फेकीला आता १६ क्रम पकडले जातात आणि बाराव्या फेकीला १४४ नवे. एकूण १६०, म्हणजे ३.९ टक्के. शेवटी एकदाच पाहणाऱ्याचे क्रम होते १५८. मध्ये पाहण्याची सोय मिळाली आणि तिची किंमत पडली ४,०९६ पैकी फक्त दोन क्रमांची. मोठ्या चाचण्यांत हे पाहण्याचे काम औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे ठेवत नाहीत. स्वतंत्र देखरेख समिती बंद दाराआड आकडे पाहते आणि चालू ठेवा किंवा थांबा एवढेच कळवते.

नियम पाळूनही एक मर्यादा उरते. लवकर थांबलेल्या प्रयोगात परिणामाचा आकार फुगलेला दिसतो. नाणे खरोखरच थोडे झुकणारे असेल आणि सहाव्या फेकीला प्रयोग थांबला असेल, तर अहवालात ‘शंभर टक्के छापे’ असे येईल, कारण त्याहून कमीवर सहाव्या फेकीला थांबताच येत नव्हते. झुकाव आहे हा निष्कर्ष बरोबर असूनही तो किती आहे हे चुकते. म्हणून लवकर थांबवलेल्या चाचण्यांतील परिणामाचा आकडा जपून वाचावा लागतो.

छापून आलेल्या लेखात असा थांबा ओळखणे सोपे नाही, कारण त्याचा माग आकड्यांत फारसा राहत नाही. सिमन्स आणि सहकाऱ्यांनी आपल्या लेखात लेखकांकडून पहिली मागणी हीच केली होती, की माहिती गोळा करणे कधी थांबवायचे याचा नियम आधी ठरवावा आणि तो लेखात लिहावा. तो लिहिलेला नसेल, प्रत्येक गटात ३७ किंवा ४३ असा कारण न सांगता आलेला आकडा असेल आणि पी-मूल्य ०.०४ च्या आसपास घुटमळत असेल, तर शंका घ्यायला जागा असते. त्यापलीकडे एकट्या लेखावरून काही सिद्ध होत नाही, कारण सरळ मार्गानेही ०.०४ येऊ शकते. अनेक लेख एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. परिणाम खरा असेल तर लक्षणीय ठरलेली पी-मूल्ये ०.०१ च्या खाली जास्त आणि ०.०४ च्या वर कमी आढळतात. परिणाम नसताना थांबण्याची वेळ निवडून मिळवलेली पी-मूल्ये उलट रेषेला खेटून, ०.०५ च्या जरा खाली गर्दी करतात, कारण रेषा ओलांडताच प्रयोग थांबवलेला असतो. एका प्रयोगापुरता खात्रीचा मार्ग एकच उरतो. तोच प्रयोग नव्या माणसांवर, संख्या आधी जाहीर करून, पुन्हा करायचा आणि निकाल शेवटी एकदाच पाहायचा.